क्रीम शेवटी, आच उतरल्यावर

या पुस्तिकेतले सगळे पदार्थ टोमॅटोच्या एकाच ग्रेव्हीवर उभे आहेत. पनीर मखनी, बटर चिकन, दाल मखनी, कोफ्ते. नावं वेगळी असली तरी खालचा रस्सा एकाच घराण्यातला आहे. हे घराणं दिल्लीचं. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या मंडळींनी दर्यागंजमध्ये ‘मोती महल’ उभं केलं आणि तंदुरी कोंबडी टोमॅटो, लोणी आणि साय यांच्या रश्शात सोडण्याची रीत तिथून सगळीकडे पसरली. त्या पदार्थाचं श्रेय नेमकं कुणाचं, हा वाद 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. तो निकाल कोर्टावर सोपवू. आपला प्रश्न त्या भांड्यातला आहे. टोमॅटो आंबट असतो, क्रीम हे दूधच असतं, आणि आंबट आणि दूध एकत्र आले की काय होतं हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. मग हे दोन एका भांड्यात गुण्यागोविंदानं राहतात कसे? आणि कधीकधी का राहत नाहीत?

माझ्या वर्गात ग्रेव्हीबद्दल सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच असतो. मसाल्याचं प्रमाण, रंग, हॉटेलसारखी चव हे सगळं नंतर येतं. आधी कुणीतरी फोनवर काढलेला फोटो पुढे करतं. लाल रश्शात पांढरे कण तरंगताहेत आणि कडेनं पिवळसर तूप सुटलंय. ‘क्रीम खराब होतं का हो?’ असं विचारतात. क्रीम बहुतेक वेळा चांगलंच असतं. ते चुकीच्या वेळी आणि चुकीच्या आचेवर पडलेलं असतं. ही प्रस्तावना लांबली आहे ती एवढ्यासाठीच, की वेळ आणि आच या दोन गोष्टी कृतीच्या एका ओळीत मावत नाहीत.

आधी एक फरक नीट डोळ्यांसमोर आणायला हवा, कारण ‘ग्रेव्ही फुटली’ असं आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना म्हणतो. पहिल्या प्रकारात पांढरे, बारीक रव्यासारखे कण दिसतात. डाव उचलला की त्याच्या कडेला ते चिकटून राहतात, आणि जिभेवर खडूसारखं काहीतरी लागतं. ही दुधातल्या प्रथिनाची, म्हणजे केसीनची गुठळी आहे. दुसऱ्या प्रकारात कण नसतात. खालचा रस्सा गुळगुळीत असतो, पण वर केशरी तुपाची थारोळी जमतात आणि ढवळलं तरी पुन्हा वर येतात. इथे प्रथिन शाबूत आहे. पाणी फार आटल्यामुळे स्निग्धांश धरून ठेवायला काही उरलेलं नाही, एवढंच. पहिला प्रकार मागे फिरत नाही, दुसरा फिरतो. स्टीलच्या चमच्याच्या पाठीवर ग्रेव्हीचा एक थेंब घ्या आणि बोटानं पसरवा. सलग पातळ थर पसरला तर केसीन ठीक आहे. थर तुटून त्यात ठिपके दिसले तर गुठळी झालेली आहे. ही परीक्षा भांड्यात नुसतं डोकावण्यापेक्षा खूप आधी सांगते, कारण लाल रंगात पहिले पांढरे कण दिसतच नाहीत.

आता गुठळी का होते ते पाहू. दुधात केसीन अतिशय सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं आणि हे गोळे एकमेकांना दूर ढकलतात, कारण त्यांच्यावर एकाच जातीचा विद्युतभार असतो. आंबटपणा वाढला की हा भार कमी होत जातो आणि पीएच साधारण 4.6 ला आला की उरतच नाही. मग गोळे एकमेकांना चिकटतात. ताज्या क्रीमचा पीएच साडेसहाच्या आसपास असतो, तर पिकलेल्या टोमॅटोचा साधारण सव्वाचार ते साडेचार. आता हिशेब करा. सातशे ग्रॅम ग्रेव्हीत शंभर ग्रॅम क्रीम गेलं, तर मिश्रणाचा पीएच टोमॅटोच्याच बाजूला झुकलेला राहणार, पाचाच्या आतच. म्हणजे क्रीम कसंही घातलं तरी शेवटी केसीनला त्या आंबट पाण्यातच राहायचं आहे. बारा चमचे साखर घातली तरी यात बदल होत नाही. साखर जिभेला आंबट कमी लागू देते, आंबटपणा कमी करत नाही.

असं असेल तर प्रत्येक मखनी फुटायला हवी. ती फुटत नाही, याचं कारण आपल्याच स्वयंपाकघरात रोज घडतं. कोमट दुधाला विरजण लावलं की रात्रभरात आंबटपणा हळूहळू चढतो आणि सकाळी चमच्यानं कापता येईल असं सलग, गुळगुळीत दही मिळतं. तेच दूध उकळत असताना त्यात लिंबू पिळलं की क्षणात चोथा आणि पाणी वेगळं होतं आणि आपल्याला पनीर मिळतं. दोन्हींत दूध तेच, केसीन तेच आणि शेवटचा आंबटपणाही फारसा वेगळा नाही. वेगळी आहे ती आच आणि वेगळा आहे तो वेग. कोमट जागी हळूहळू जमलेलं केसीन बारीक जाळं विणतं आणि पाणी त्या जाळ्यात अडकून राहतं. उकळत्या जागी एकदम जमलेलं केसीन घट्ट गोळे करतं आणि पाणी पिळून बाहेर टाकतं. रटरटत्या टोमॅटोत क्रीम ओतणारा माणूस त्या भांड्यात पनीर करतो आहे.

या एका गोष्टीतून पुढचं सगळं निघतं. मखनीत केसीन काही प्रमाणात जमतंच. प्रश्न फक्त कण किती मोठे होतात याचा आहे. जिभेला कळणार नाहीत इतके बारीक राहिले तर आपण त्याला मलईदार म्हणतो, आणि कळायला लागले की फुटली म्हणतो. आपलं काम क्रीमला आंबटपणापासून वाचवणं नव्हे. ते आंबटपणात जात असताना ग्रेव्ही उकळत नसावी आणि ते एकदम जाऊ नये, एवढंच बघायचं असतं.

इथे एक समज बाजूला करायला हवा, कारण तो खूप घरांत पक्का बसलेला आहे. ‘टोमॅटो भरपूर परतला की त्याचा आंबटपणा निघून जातो, मग क्रीम फुटत नाही’ असं सांगतात. टोमॅटोचा आंबटपणा मुख्यतः सायट्रिक आणि मॅलिक आम्लांचा असतो आणि ही आम्लं वाफेबरोबर उडत नाहीत. पाणी उडतं, आम्लं मागे राहतात. म्हणजे ग्रेव्ही आटवत नेली की ती आंबटच होत जाते. तरीही टोमॅटो नीट शिजवायचाच, पण वेगळ्या कारणांसाठी. कच्चा वास जातो. टोमॅटोतलं पेक्टिन सुटून रस दाट होतो आणि त्या दाटपणात केसीनचे कण एकमेकांपर्यंत सहज पोचत नाहीत. शिवाय मोकळं पाणी कमी झालेलं असलं की शेवटी फुटलं तरी पाणी वेगळं दिसत नाही. पातळ, कच्च्या टोमॅटोत क्रीम पटकन फुटतं ते यामुळे.

आंबटपणा खरोखर कमी करायचा असेल तर तो बाजारातच कमी करावा लागतो. मखनीसाठी लांबट, जाड गराचे, कमी बियांचे, पूर्ण लाल टोमॅटो घ्यावेत. नारायणगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजारांतून येणारे संकरित टोमॅटो बहुतेक असेच असतात. गोल, पातळ सालीचा, रसाळ गावरान टोमॅटो साराला आणि कोशिंबिरीला फार चांगला, मखनीला मात्र जड जातो. पावसाळ्यात कधीकधी अर्धवट पिकलेलाच माल मिळतो. तेव्हा एक किलो टोमॅटोला पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा शिजवतानाच घालता येतो. फेस येतो, तो बसू द्यायचा. मी हे क्वचित करते. सोडा जरा वाढला की साबणासारखी चव येते, लाल रंग मळकट होतो आणि टोमॅटोची जी धार हवी असते तीही जाते. माझ्या मते अशा दिवशी मखनी न करता दुसरं काही करणं बरं.

आता क्रीमकडे येऊ. भारतात चौकोनी खोक्यातून मिळणाऱ्या ‘फ्रेश क्रीम’मध्ये साधारण 25 टक्के स्निग्धांश असतो. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. क्रीममध्ये स्निग्धांशाचे गोळे पुरेसे असतील तर गरम झाल्यावर केसीनचा मोठा भाग त्या गोळ्यांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो आणि गुठळ्या करायला मोकळा उरत नाही. हॅरॉल्ड मॅकगी यांनी ‘ऑन फूड अँड कुकिंग’ या आपल्या पुस्तकात हेच सांगितलं आहे आणि त्यासाठी किमान मर्यादा साधारण 25 टक्क्यांची धरली आहे. पस्तीस-चाळीस टक्क्यांचं दाट क्रीम आंबट रश्शात उकळलं तरी तग धरतं ते म्हणूनच. आपलं खोक्यातलं क्रीम बरोबर त्या सीमेवर उभं आहे. त्यात स्थिर ठेवणारे घटक घातलेले असतात, त्यामुळे ते बऱ्यापैकी सोसतं, पण उकळीचा भरवसा देता येत नाही. परदेशी कृतींत ‘क्रीम घालून दहा मिनिटं उकळा’ असं वाचलं तर समजायचं की ते दाट क्रीमबद्दल बोलताहेत. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांची मखनी तिथे फुटत नाही आणि सुट्टीत इथे आल्यावर फुटते, याचं कारणही हेच. केकवर लावायचं जे गोड व्हिपिंग क्रीम मिळतं ते मात्र बहुतेक वेळा वनस्पती तेलाचं असतं. ते इथे नको.

घरच्या सायीचं काय? ती चालते, पण तिचे दोन धोके आहेत. सायीत आधीच तापून घट्ट झालेल्या प्रथिनांचे पापुद्रे असतात. ते तसेच घातले तर फुटलेल्या ग्रेव्हीसारखेच दिसतात. म्हणून साय दोन चमचे दुधात मिसळून रवीनं हलकी घुसळायची आणि गाळणीतून दाबून काढायची. मिक्सरमध्ये जास्त वेळ फिरवली तर लोणी येईल आणि मग ते रश्शात तुकड्यांनी तरंगेल. दुसरा धोका मोठा आहे. लोण्यासाठी आपण साय चार-पाच दिवस साठवतो आणि तिला विरजण लावतो. ती साय आधीच आंबलेली असते, तिचं केसीन आधीच जमलेलं असतं. ती गरम टोमॅटोत पडली की काहीही केलं तरी रवाळ होणार. मखनीसाठी साय वापरायची तर त्याच दिवशीची, फारतर आदल्या दिवशीची, विरजण न लावलेली.

आता एक भांडं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. सहा माणसांची पनीर मखनी आहे असं धरा. एक किलो टोमॅटो चिरून, पन्नास ग्रॅम काजू, आल्याचा इंचभर तुकडा, आठ लसूण पाकळ्या, तीन वेलदोडे, दोन लवंगा, बोटभर दालचिनी आणि अर्धी वाटी पाणी, हे सगळं झाकून वीस मिनिटं शिजवायचं. दालचिनी काढून टाकायची, गार झालं की वाटायचं आणि गाळून घ्यायचं. गाळण्याचा कंटाळा करू नये. साल आणि बियांचा भुगा राहिला तर पुढे चमच्याच्या पाठीवरची परीक्षाच करता येत नाही, कारण कण कशाचे ते कळत नाही.

कढईत साठ ग्रॅम लोणी, त्यात दोन चमचे काश्मिरी तिखट अगदी मंद आचेवर काही सेकंद, आणि लगेच गाळलेला रस. आता पंधरा ते वीस मिनिटं मध्यम आचेवर झाकण अर्धवट ठेवून शिजवायचं. रस कमी होत जातो, बुडबुडे जड आणि सावकाश होतात आणि कडेनं लोणी सुटायला लागतं. हे लोणी सुटणं आपल्याला हवं आहे. मसाला शिजल्याची ती खूण आहे. पण क्रीम घातल्यावर हीच खूण दिसली तर ती बिघाडाची असते. म्हणून क्रीम जाण्याआधी ही पायरी पूर्ण झालेली असली पाहिजे. ज्यांना ‘अजून तेल सुटलं नाही’ अशी शंका असते ते क्रीम घालून पुन्हा आटवायला लागतात, आणि तिथेच घात होतो.

या टप्प्यावर भांड्यात साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम ग्रेव्ही असते. आता आंबट-खारटाचा निकाल लावायचा. मीठ, दीड-दोन चमचे साखर, हवा असेल तर मध, आणि आंबट कमी वाटलं तर लिंबाचे थेंब, हे सगळं इथेच. क्रीमनंतर लिंबू पिळणं म्हणजे पुन्हा पनीर करायला घेणं. मग अर्धी वाटी उकळतं पाणी घालून ग्रेव्ही हवी त्यापेक्षा किंचित पातळ करायची, कारण क्रीमनं ती दाट होणार आहे आणि नंतर पाण्यासाठी पुन्हा उकळी काढावी लागू नये.

पनीरही इथेच घालायचं. बऱ्याच जणी आधी क्रीम घालतात आणि मग फ्रीजमधलं पनीर. अडीचशे-तीनशे ग्रॅम थंड पनीर पडलं की ग्रेव्ही निवते. ती गरम करायला गॅस मोठा होतो आणि क्रीम असलेली ग्रेव्ही उकळते. पनीर आधी गेलं, तीन-चार मिनिटं रश्शात मुरलं, आतून गरम झालं, की त्यानंतर भांड्याला उकळीची गरजच उरत नाही. कोंबडीचंही तसंच. तुकडे पूर्ण शिजलेले आणि गरम असले पाहिजेत. क्रीम घालून मांस शिजवणं हा फुटण्याचा हमखास रस्ता आहे.

आता ती वेळ आली. गॅस बंद करा. मंद नव्हे, बंद. जाड बुडाची कढई गॅस बंद केल्यावरही एक-दोन मिनिटं आपल्याच उष्णतेनं खदखदत राहते. लोखंडी किंवा बिडाची असेल तर जास्तच. ती शांत होईपर्यंत थांबायचं. थर्मामीटर असेल तर 75 ते 80 अंश सेल्सियस पाहा. नसेल तर खूण अशी की एकही बुडबुडा नाही, वाफ मात्र स्थिर वर येतेय, आणि डावानं मधोमध ओढलेली रेघ सावकाश भरून येतेय. हे थांबणं तीन-चार मिनिटांचं असतं आणि अख्ख्या कृतीतलं महत्त्वाचं काम त्यातच होतं.

क्रीम तोवर ओट्यावर, फ्रीजबाहेर, एका वाडग्यात काढलेलं असावं. शंभर ग्रॅम. चमच्यानं सारखं करून घ्या, कारण खोक्यात ते वर दाट आणि खाली पातळ झालेलं असतं. आता ग्रेव्हीचा एक मोठा चमचा क्रीममध्ये घाला आणि ढवळा. मग दुसरा. मग तिसरा, चौथा. क्रीमचा रंग फिकट गुलाबी, मग केशरी होत जातो, आणि वाडगा हाताला कोमटाहून जास्त लागायला लागतो. क्रीमचा थेंब भांडंभर आंबट रश्शात पडला की त्याला पूर्ण आंबटपणा एका क्षणात भेटतो. वाडग्यात उलट होतं. क्रीम जास्त असतं, टोमॅटो थोडा, आणि आंबटपणा पायरीपायरीनं चढतो, दह्याच्या वाटेनं. शिवाय ग्रेव्हीतला काजू केसीनच्या कणांमध्ये आधीच जाऊन बसतो. मग हे मिश्रण कढईत बारीक धारेनं ओतायचं आणि डाव एकाच दिशेनं सलग फिरवायचा. फेटायचं नाही. लोणी आणि क्रीम दोन्ही असलेल्या भांड्यात जोरानं फेटलं की स्निग्धांश वेगळा व्हायला लागतो.

आता गॅस पुन्हा लावा, सर्वांत बारीक आचेवर, फक्त मिनिटभर. कडेला पहिला बुडबुडा दिसायच्या आत बंद. चुरडलेली कसुरी मेथी आणि चिमूटभर गरम मसाला यानंतर. इंडक्शनवर करणाऱ्यांनी हे शेवटचं मिनिट सोडूनच द्यावं. इंडक्शनची बारीक आच सलग नसते. ती पूर्ण जोरानं काही सेकंद चालू आणि काही सेकंद बंद असते, आणि चालू असलेल्या त्या सेकंदांत बुडाशी ग्रेव्ही उकळून जाते.

हे सगळं वाचून कढीची आठवण झाली असेल तर ती योग्यच आहे. कढीत आपण ताकाला बेसन लावतो आणि खळखळ उकळी येऊ देत नाही. बेसनातलं पिष्ट गरम होऊन फुगतं आणि ताकाच्या केसीनमध्ये आडवं येतं, त्यामुळे कण एकत्र येऊन मोठे होत नाहीत. मखनीत ते काम काजू करतो. काजूत पिष्टही आहे आणि स्निग्धांशही. त्यामुळे काजू परवडत नाही म्हणून वगळला तर त्याच्या जागी मगजबी घ्या, किंवा चहाचा एक चमचा कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून क्रीमच्या आधी ग्रेव्हीत शिजवून घ्या. नुसत्या टोमॅटोच्या रसात नुसतं क्रीम ही सर्वांत नाजूक जोडी आहे. ती जमते, पण आचेची चूक ती अजिबात माफ करत नाही. नारळाचं दूध घातलेलं टोमॅटोचं सारही उकळी आली की फुटतं. तिथे केसीन नाही, पण नारळाचं प्रथिनही उकळत्या आंबटात असंच गोळा होतं, आणि उपायही तोच, दूध शेवटी आणि उकळी नाही.

मखनीचं खरं संकट घरी नसतं, ते वाढण्याच्या ठिकाणी असतं. घरून ऑर्डर घेणाऱ्या एक ताई वर्गाला येत. त्यांनी चाळीस माणसांची पनीर मखनी सकाळी केली होती. क्रीम बरोबर वेळी घातलं, चव घेतली, झकास झाली होती. डबे भरून दुपारी हॉलवर पोचल्या. तिथल्या माणसानं पातेलं मोठ्या शेगडीवर चढवलं, कारण गार झालेलं एवढं पातेलं लहान आचेवर अर्ध्या तासातही गरम होत नाही. बुडाशी उकळी फुटली तेव्हा वर अजून कोमटच होतं. ढवळलं तेव्हा तळातून पांढरे कण वर आले. दही जसं शांत असेपर्यंत गुळगुळीत असतं आणि तापवलं की पाणी सोडतं, तसंच क्रीम घातलेल्या ग्रेव्हीचं होतं. सकाळी बारीक विणलं गेलेलं जाळं दुपारच्या उकळीत आकसतं आणि पाणी पिळून टाकतं. पहिल्यांदा ग्रेव्ही नीट झाली म्हणजे ती पुढेही तशीच राहील असं नाही.

ताईंना मी जे सांगितलं ते हॉटेलांच्या स्वयंपाकघरात रोज चालतं. मखनी ग्रेव्ही क्रीमशिवाय करून ठेवायची. ती फ्रीजमध्ये तीन दिवस, डीप फ्रीजमध्ये महिनाभर राहते. हवी तेवढी पातेल्यात घेऊन, खळखळ उकळून, निर्धास्तपणे गरम करायची, आणि क्रीम वाढण्याआधी, गॅस बंद करून, वरच्या रीतीनं घालायचं. चाळीस माणसांना साधारण पाच लिटर ग्रेव्ही लागते. पाच लिटर एकदम करण्यापेक्षा दीड-दीड लिटरच्या पातेल्यांत क्रीम मिसळणं सोपं जातं, कारण मोठं पातेलं निवायला फार वेळ घेतं आणि तेवढा धीर हॉलवर कुणाला नसतो. वाढायला ठेवलेलं भांडं गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायचं, थेट ज्योतीवर नको. ते 60 अंशांच्या वर राहिलं पाहिजे म्हणजे अन्न सुरक्षित राहील, आणि उकळीच्या बरंच खाली राहिलं पाहिजे म्हणजे क्रीम राहील. त्या दोन्हींच्या मध्ये भरपूर जागा आहे.

घरी उरलेली, क्रीम घातलेली मखनी गरम करायची असेल तर दोन चमचे पाणी घालून, झाकण ठेवून, बारीक आचेवर, अधूनमधून ढवळत. मायक्रोवेव्हमध्ये करायची तर अर्ध्या जोरावर, तीस-तीस सेकंदांनी बाहेर काढून हलवत. मायक्रोवेव्ह कडा आधी उकळवतो आणि मधला भाग थंड ठेवतो, म्हणून वाटीच्या कडेलाच आधी कण दिसतात.

आणि फुटलीच तर? आधी चमच्याच्या पाठीवर पाहा, कोणत्या प्रकारची आहे ते. नुसतं तूप सुटलेलं असेल आणि थर सलग असेल, तर गॅस बंद करून दोन-तीन मोठे चमचे गरम पाणी घाला आणि हळू ढवळा. रस्सा एक होतो, बहुतेक वेळा मिनिटभरातच. कण असतील तर पनीर किंवा कोंबडीचे तुकडे काढून घ्या, ग्रेव्ही जरा निवू द्या आणि हाताच्या ब्लेंडरनं किंवा मिक्सरमधून दोन चमचे काजूची पेस्ट घालून फिरवा. मग गाळा. कण विरघळत नाहीत, फक्त बारीक होतात. रंग थोडा फिकट होतो आणि जिभेला किंचित कोरडेपणा जाणवतो, पण पाहुण्यांसमोर ठेवता येते. त्यात आणखी क्रीम ओतून ती सुधारण्याचा प्रयत्न मात्र करू नये. गरम, आंबट आणि आधीच कणांनी भरलेल्या रश्शात नवं क्रीम त्या कणांभोवतीच जमतं.

या कारणांमुळे पुढच्या कृती थोड्या वेगळ्या पद्धतीनं लिहिल्या आहेत. प्रत्येक कृतीत क्रीम साहित्याच्या यादीत नसून सगळ्यात शेवटी, रेघेखाली, वेगळं दिलेलं आहे आणि त्याचं प्रमाण ग्रॅममध्ये आहे, कारण ‘अर्धी वाटी’ साय आणि ‘अर्धी वाटी’ खोक्यातलं क्रीम यांच्यात बराच फरक पडतो. रेघेच्या वरचा भाग आदल्या दिवशी करून ठेवता येतो. रेघेखालच्या भागासाठी किती वेळ थांबायचं ते मिनिटांत दिलेलं आहे, पण ती मिनिटं मध्यम जाडीच्या स्टीलच्या कढईसाठी आहेत. तुमची कढई बिडाची असेल तर आणखी दोन-तीन मिनिटं धरा, पातळ अॅल्युमिनियमची असेल तर तेवढीच कमी, आणि शंका असेल तेव्हा घड्याळाऐवजी बुडबुड्यांकडे पाहा. दाल मखनीत डाळ स्वतःच दाट असल्यामुळे तिथे थांबण्याची वेळ निम्मी ठेवली आहे. कोफ्त्यांच्या कृतीत क्रीम ग्रेव्हीत घालून झाल्यावर कोफ्ते वाढायच्या ताटलीत ठेवून वरून रस्सा ओतायला सांगितलं आहे, कारण कोफ्ते कढईत सोडले की ते गरम करण्यासाठी गॅस पुन्हा मोठा होतो.